नवे खाते, जुना फोन

सावंतवाडी तालुक्यातल्या एका काजू कारखानदाराचे गाऱ्हाणे आमच्याकडे आले आहे. त्याने आपली कॅश क्रेडिट मर्यादा एका बँकेतून दुसऱ्या बँकेत नेली. व्याज थोडे कमी, मर्यादा थोडी जास्त. बी खरेदीच्या तोंडावर कोणीही हेच केले असते. मर्यादा हलली त्याच संध्याकाळी त्याने वाशीच्या आणि दिल्लीच्या सगळ्या खरेदीदारांना व्हॉट्सॲपवर एकच मजकूर धाडला: ‘आमचे जुने खाते बंद झाले आहे. मागील व पुढील सर्व रक्कम तातडीने खालील नवीन खात्यात भरावी.’ सोबत रद्द केलेल्या चेकचा फोटो, आणि त्यावर हौसेने केलेली सही. दुसऱ्या दिवसापासून पैसे यायचे थांबले. एका व्यापाऱ्याने तर तो मजकूर ‘सावधान’ असे वर लिहून बाजारभर फिरवला. ‘पैसे तेंच्याकडे अडाकले आणि चोर मात्र मियाच ठरलंय,’ असे हा सभासद म्हणतो.

त्याच्याबद्दल सहानुभूती आहे, पण आमचे मत त्या व्यापाऱ्याच्या बाजूने आहे. जुने खाते बंद, घाई, चेकचा फोटो आणि ‘मागील रक्कमही इकडेच’ हा मजकूर अक्षरशः भामट्याचा आहे. 2015 साली ओएनजीसीच्या बाबतीत हेच घडले. हजीऱ्याहून सौदी अरामकोला नाफ्था गेला आणि त्याचे पैसे ओएनजीसीच्या खात्याऐवजी बँकॉकच्या एका खात्यात पोचले, कारण खाते बदलल्याची मेल अरामकोला मिळाली होती. पत्त्यात `ongc.co.in` ऐवजी `ognc.co.in` एवढाच फरक होता. सुमारे 197 कोटी रुपयांची तक्रार मुंबईत नोंदवली गेली. अरामकोच्या हिशेबखात्याला दोन अक्षरांची अदलाबदल दिसली नाही, तर मसाला मार्केटमधल्या गाळ्यावरच्या मुनीमजीला ती दिसावी ही अपेक्षाच चुकीची. तो पैसे थांबवतो, हेच बरोबर करतो.

मग खऱ्या माणसाने आपण खरे आहोत हे दाखवायचे कसे? भामट्याला काय परवडत नाही ते पाहावे. त्याचा डोळा असतो थकीत बिलावर. माल पोचला आहे, रक्कम ठरली आहे, आता फक्त ती वळवायची आहे. ‘तुमची आजवरची सगळी बिले जुन्याच खात्यात भरा, नवे खाते फक्त अमुक तारखेनंतरच्या बिलांसाठी’ असे भामटा कधीच लिहिणार नाही, कारण मग त्याच्या हाती काहीच लागत नाही. कारखानदाराला मात्र हे लिहिता येते. या एका वाक्याने पत्रावरचा अर्धा संशय उतरतो.

पण हे वाक्य लिहायला जुने खाते जिवंत लागते, आणि इथे आपल्या बँका आडव्या येतात. नवी बँक जुन्या बँकेचे कर्ज फेडते, जुनी बँक ना-हरकत दाखला देते आणि त्याच झटक्यात खाते बंद करते. दोन महिने साधे चालू खाते म्हणून ते राहू द्या म्हटले, की शाखाधिकारी हात वर करतात: ‘रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.’ कोणता नियम, हे मात्र विचारायचे नाही. रिझर्व्ह बँकेने 6 ऑगस्ट 2020 रोजी कर्जदारांच्या चालू खात्यांवर निर्बंध घातले, हे खरे. पण 29 ऑक्टोबर 2021 च्या परिपत्रकाने, ज्यांचे सर्व बँकांकडचे मिळून कर्ज 5 कोटींच्या खाली आहे त्यांना त्यातून मोकळे केले. कर्ज 5 कोटींवर गेले तर कळवीन, एवढे हमीपत्र द्यायचे. आपल्या तालुक्यातले बहुतेक कारखाने या मर्यादेच्या पुष्कळ आत आहेत. म्हणजे पहिले परिपत्रक शाखेच्या भिंतीवर आहे आणि दुसरे कोणी वाचलेलेच नाही. नवी बँकही मागे नाही. मंजुरीपत्रात ‘सर्व विक्रीची रक्कम याच खात्यातून’ अशी अट असते आणि अधिकारी तिचा अर्थ ‘उद्या सकाळपासून’ असा लावतात. जुन्या खात्यात आलेली रक्कम दर आठवड्याला नव्या खात्यात वळवली तरी ती अट पाळली जाते. हे मंजुरीपत्रावर सही करण्याआधी, अर्जातच लिहून मागावे. सही झाल्यावर तुमचे कोणी ऐकत नाही.

आणि खाते बंद झालेच, तर निदान घाबरू नये. बंद खात्यावर कोणी आरटीजीएस केले तर रक्कम जमा होऊ न शकल्याने पाठवणाऱ्याकडे परत जाते, साधारण तासाभरात. एनईएफटीही अशीच परतते. पैसे परत आलेला व्यापारी स्वतःहून तुम्हाला फोन करतो. त्याने लावलेला तो फोन तुमच्या दहा मेसेजांपेक्षा मोलाचा.

आता पत्राकडे येऊ. आमच्या मते पहिल्या पत्रात खाते क्रमांक असूच नये. लेटरहेडवर, नेहमीच्या मालाच्या बिलासोबत, एवढेच जावे: ‘आमची बँक बदलत आहे. अमुक तारखेनंतरच्या बिलांचे पैसे नव्या खात्यात घेऊ. त्याआधीची बिले जुन्याच खात्यात भरावीत. नवा क्रमांक आम्ही मेसेजवर पाठवणार नाही. आपल्याकडच्या जुन्या बिलावर आमचा जो फोन छापलेला आहे, त्यावर आपण फोन करून क्रमांक घ्यावा. या पत्रावर मुद्दाम कोणताही फोन दिलेला नाही.’ दिल्ली-अहमदाबादकडे हाच मजकूर हिंदीत. शेवटचे वाक्य वाचून व्यापारी चमकतो आणि लगेच विश्वासतो, कारण भामट्याच्या पत्रात फोन हमखास असतो, आणि तो त्याचा स्वतःचा असतो. म्हणूनच बँक आणि मोबाइल नंबर एकाच वर्षात बदलू नयेत. बदलावाच लागला, तर आधी नंबर बदलून तो दोन-तीन महिने रुळू द्यावा.

व्यापाऱ्याचा फोन आला की क्रमांक सांगावा आणि त्याच्याकडून परत वाचून घ्यावा. मग त्याला सांगावे, तुमच्या मनाला येईल ती छोटी रक्कम पाठवा, किती ते मला सांगू नका. त्याने 37 रुपये पाठवले. तुम्ही खाते पाहून त्याच जुन्या फोनवर म्हणता, ‘37 आले.’ फोनवरचा माणूस आणि खात्याचा मालक एकच आहे, हे त्याला इथे पटते. बँकेच्या कोणत्याही दाखल्याने ते इतके पटत नाही. खरेदीदाराने हे आपण होऊन मागितले तर रुसू नये. ‘इतकी वर्षे माल देतो, आता आमची परीक्षा घेता काय?’ असे विचारणारे सभासद आम्हाला भेटले आहेत. हो, परीक्षाच घेतो, आणि तुमच्याच पैशांसाठी घेतो.

नाव तपासण्याची सोयही आता आहे. आरटीजीएस-एनईएफटी करण्यापूर्वी खाते क्रमांक व आयएफएससी घातला की खातेदाराचे नाव दिसावे, अशी व्यवस्था 1 एप्रिल 2025 पर्यंत सुरू करण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले होते. ती विनाशुल्क आहे आणि शाखेतही मिळते. ती जरूर वापरावी, कारण पैसे जमा होतात ते केवळ क्रमांकावर, नावाची जुळणी बँक करत नाही. चुकीचा क्रमांक घातला तर जबाबदारी पाठवणाऱ्याची. पण एवढ्यावर विसंबू नये. आपल्या धंद्यात नावे सारखीच: कुठल्या तरी देवाचे नाव आणि पुढे ‘कॅश्यू इंडस्ट्रीज’. त्याच नावाची एकल मालकीची पेढी काढून चालू खाते उघडणे भामट्याला अवघड नाही. नाव जुळले नाही तर पैसे थांबवावेत. जुळले तर फक्त पुढच्या पायरीवर जावे.

ई-इन्व्हॉइस करणाऱ्यांचा एक गैरसमज दूर करायला हवा. उलाढाल 5 कोटींवर गेलेल्या सभासदांना वाटते की बिलावर सरकारी क्यूआर कोड आहे, म्हणजे बिलावरचे सगळे प्रमाणित. तसे नाही. त्या कोडमध्ये दोन्ही जीएसटी क्रमांक, बिलाचा क्रमांक, तारीख, रक्कम, किती बाबी, मुख्य मालाचा एचएसएन आणि आयआरएन एवढेच असते. बँक खाते त्यात नसते. तुमच्या बिलाच्या पीडीएफमधली खात्याची ओळ कोणी बदलली, तरी क्यूआर तपासल्यावर बिल खरेच दिसेल. जीएसटी पोर्टलवर तुम्ही नवे खाते नोंदवता (ते नोंदवायचेच आहे), पण करदात्याचा शोध घेणाऱ्या बाहेरच्या माणसाला तिथे नाव-पत्ता दिसतो, खाते दिसत नाही. खाते खरे असल्याची साक्ष देणारा सरकारी कागद खरेदीदाराच्या हाती नाही. म्हणून एवढा फोनचा खटाटोप.

ज्यांची खाती विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत होती त्यांची गोष्ट वेगळी. 1 मे 2025 पासून ती बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. तुम्ही बँक बदललेली नाही, बँकच बदलली. विलीनीकरण राजपत्रात आहे, खरेदीदार ते स्वतः शोधू शकतो, तेव्हा पत्रात तसे स्पष्ट लिहावे. मात्र ‘विलीनीकरणामुळे’ हा शब्द भामट्यांनीही उचललेला आहे. सिंडिकेट बँक कॅनरात गेली तेव्हाही आयएफएससी बदलले होते. पत्रात कारण खरे असले तरी फोनची पायरी गाळू नये.

आणि ती जुनी बिलबुके! नवे खाते उघडून महिना झाला, तरी छापील बिलबुक संपेपर्यंत जुन्याच खात्याची बिले फाडणारे कारखानदार आपल्यात आहेत. एकाच आठवड्यात संगणकावरच्या बिलावर एक खाते आणि हाती लिहिलेल्या बिलावर दुसरे. खरेदीदाराने कोणते खरे मानावे? दोन-चारशे रुपयांच्या बिलबुकासाठी डब्ल्यू 320 च्या डब्यांचे पैसे अडकवणे हा कसला हिशेब? ठरलेल्या तारखेला बिलबुक, संगणकातला नमुना आणि लेटरहेड तिन्ही बदलावेत, उरलेली बिलबुके फाडून टाकावीत. रद्द चेकवर सही करू नये. त्याला सही लागत नाही, आणि नमुना सही गावभर वाटण्यात शहाणपण नाही.

पैसे चुकीच्या खात्यात गेल्याचे कळले तर त्याच घटकेला 1930 वर फोन करावा आणि आपल्या बँकेला लेखी कळवावे. आधी ओळखीच्या फौजदाराला भेटू, मग बघू, असे करण्यात रक्कम पुढच्या खात्यात सरकते.

सभासदांना आमचे मागणे आहे. दिवाळीच्या मालाची थकबाकी वर असताना खाते बदलू नका. पहिले पत्र गणपतीपूर्वी जाऊ द्या. आणि जुने खाते दोन महिने चालू ठेवायला ज्या शाखेने नकार दिला असेल, तिच्याकडून तो नकार नियमाच्या क्रमांकासह लेखी मागा. मिळाला तर प्रत आमच्याकडे पाठवा, न मिळाला तर तुमच्या अर्जाची पोच पाठवा. पुढच्या अंकापर्यंत जमतील तेवढ्या प्रती घेऊन आम्ही जिल्हा अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांना भेटणार आहोत. तोंडी तक्रारी घेऊन मात्र जाणार नाही.