एक्कावन्न टक्के कुणाचे?



सध्या आपल्या पोरांच्या नावाला बाजारात भाव आला आहे. आपल्या कामाला नव्हे, नावाला. कारण सरळ आहे. केंद्र सरकारच्या 2012 च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती आणि सार्वजनिक उपक्रमांनी वर्षाच्या खरेदीपैकी 25 टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची असते, आणि त्यात 4 टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचा आहे. रेवस ज्या अलिबाग तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात थळचा आरसीएफ कारखाना आहे. खाडीपलीकडे उरणला जेएनपीए आहे. दोन्ही केंद्राचे. म्हणजे आपल्या उंबऱ्याशीच हे धोरण लागू आहे.

मग एखादा पैसेवाला येतो आणि म्हणतो, "भाऊ, गाडी माझी, पैसा माझा, तू फक्त भागीदार हो. एक्कावन्न टक्के तुझे." आपला पोरगा हुरळतो. माझं म्हणणं असं, की हे एक्कावन्न टक्के कोणत्या साच्यात दिले आहेत हे विचारल्याशिवाय सही करणं म्हणजे आपलं नाव गहाण टाकणं आहे. कारण एकमालकी, भागीदारी आणि कंपनी या तीन साच्यांत तोच आकडा तीन वेगळ्या गोष्टी सांगतो.

धोरणाची अट आधी पाहा. एकमालकी धंदा असेल तर मालक स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा हवा. भागीदारी असेल तर किमान 51 टक्के वाटा आपल्या भागीदारांचा हवा. खाजगी कंपनी असेल तर किमान 51 टक्के शेअर्स आपल्या प्रवर्तकांचे हवेत. अट वाट्याची आहे. धंदा चालवतो कोण, हे त्या वाट्यावरून दिसत नाही. फसवणूक नेमकी याच फटीतून आत शिरते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, रेवसच्या एका तरुणाने पैसेवाल्याबरोबर भागीदारी फर्म काढली, वाटा 51 आणि 49. फर्मने बँकेचं 10 लाख कर्ज काढून गाडी घेतली आणि ती भाड्याने लावली. दीड वर्षात काम बंद पडलं. गाडी विकून 6 लाख आले, ते बँकेला गेले. बँकेचे 4 लाख राहिले, आणि डिझेल व गॅरेजची उधारी 3 लाख. एकूण 7 लाख देणं.

हे 7 लाख कोण देणार? पोरगा म्हणेल, माझा वाटा 51 टक्के, म्हणजे मी साडेतीन लाखांच्या थोडं वर देईन. चूक. 1932 च्या भागीदारी कायद्यात प्रत्येक भागीदार फर्मच्या सगळ्या देण्याला एकत्रही जबाबदार असतो आणि एकटाही. बँक आणि उधारीवाले मिळून सगळी रक्कम त्याच्या एकट्याकडून मागू शकतात. मग 49 टक्क्यांचे 3 लाख 43 हजार त्याने दुसऱ्या भागीदाराकडून वसूल करत बसायचं. फर्मची नोंदणीच केलेली नसेल तर करारातल्या हक्कासाठी भागीदारावर दावाही लावता येत नाही. फर्म बरखास्त करून हिशेब मागणं, एवढीच वाट उरते.

आणि निर्णय कुणाच्या हातात होते? कायदा सांगतो की रोजच्या कारभारात मतभेद झाला तर भागीदारांच्या बहुमताने ठरतं. हे बहुमत डोकी मोजून होतं, टक्के मोजून नाही. दोघांच्या फर्ममध्ये 51 टक्केवाला आणि 49 टक्केवाला सारखेच. तिसरा भागीदार म्हणून त्याने आपला मेहुणा घातला असेल तर तुम्ही 51 टक्के घेऊन अल्पमतात! करारात वेगळं लिहून घेतलं नाही तर भागीदारीतला एक्कावन्न हा आकडा फक्त नफ्या-तोट्याच्या वाटणीचा आहे, सत्तेचा नाही.

हाच धंदा कंपनी म्हणून असता तर? कंपनी कायद्यापुढे वेगळी व्यक्ती आहे. डिझेल आणि गॅरेजचे 3 लाख कंपनीचं देणं, पोराच्या घरापर्यंत ते सहसा येत नाही. पण बँक संचालकाकडून वैयक्तिक हमी घेते, त्यामुळे ते 4 लाख त्याच्याकडे येणारच. "लिमिटेड" या शब्दाचा आधार एवढाच आहे. मात्र कंपनीत मत शेअरवर असतं. 51 टक्के शेअर्स खरोखर तुमच्या ताब्यात असतील तर साध्या ठरावाने तुम्ही संचालक हटवू शकता. नियमावली बदलायला मात्र तीन चतुर्थांश मतं लागतात, तिथे 49 टक्केवाला अडवू शकतो. बाबासाहेबांनी संविधान सभेत एक माणूस, एक मूल्य मांडलं. कंपनीत मूल्य शेअरला असतं, हे नीट ओळखून आत जा. त्यात खर्चही आहे: उलाढाल शून्य असली तरी दरवर्षी लेखापरीक्षण, आणि वार्षिक विवरणपत्र उशिरा भरलं तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला 100 रुपये.

एकमालकीत ते सगळे 7 लाख तुमच्या अंगावर येतात, वाटेकरी कुणी नाही. पण नफा तुमचा, सही तुमची, आणि कर्ज किती काढायचं हा निर्णयही तुमचा. वेगळी संस्था नोंदवावी लागत नाही. तुमच्या पॅनवर आणि आधारवर उद्यम नोंदणी होते. धोका तिन्हीकडे आहे. एकमालकीत निदान धोका आणि ताबा एकाच हातात असतात.

काही कार्यकर्ते म्हणतात, "पैसेवाल्याशिवाय आपला पोरगा उभाच कसा राहणार?" प्रश्न खरा आहे. पण पैसा घेण्यासाठी भागीदार करावंच लागतं असं नाही. बँकेतून, लेखी, व्याज ठरवून कर्ज म्हणून घ्या. त्याला ते मान्य नसेल तर समजा, त्याला व्याज नको, तुमचा जातीचा दाखला हवा आहे.

नामधारी ठेवलं जातंय हे कसं ओळखायचं? बँक खात्याला आणि जीएसटीला कुणाचा मोबाईल जोडलाय, ओटीपी कुणाकडे जातो, ते पाहा. करारात खातं "एकट्याच्या सहीने" चालेल असं त्याच्या नावे लिहिलंय का? कंपनीत शेअर हस्तांतराच्या एसएच-4 फॉर्मवर कोरी सही मागितली का? कोरे चेक सही करून ठेवायला सांगितले का? चेक न वटल्यास खटला सही करणाऱ्यावर होतो, शिक्षा दोन वर्षांपर्यंत असू शकते. यातलं एक जरी "हो" असेल तर उठून या. आणि फर्ममधून आधीच बाहेर पडला असाल तर निवृत्तीची जाहीर सूचना द्या. ती दिली नाही तर पुढच्या देण्यांसाठीही लोक तुम्हालाच धरू शकतात.

याच अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 ते 1939 संप केला. 1937 मध्ये बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. तेव्हा कष्ट कुळाचे होते आणि कागदावर नाव खोताचं होतं. आज कागदावर नाव आपलं आहे, आणि गल्ला त्याच्याकडे. खोती उलटी झाली म्हणून संपत नाही.

म्हणून एकटे असाल तर एकमालकीने सुरू करा. बाहेरचं भांडवल घ्यायचंच असेल आणि शेअर्स, संचालक मंडळ, खातं तिन्ही हातात राहणार असतील, तर कंपनी करा. भागीदारी फक्त त्याच्याशी करा, ज्याचं घरही तुमच्या घराइतकंच पणाला लागलं आहे. तीही लेखी आणि नोंदणी करूनच.

जय भीम!