गोळी वाढवण्याआधी वजनकाटा बघा

आमच्या मामूंचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस होतं. रत्नागिरीत ज्यांच्या घरी असा पेशंट आहे, त्यांना सकाळी उपाशीपोटी बीपीची गोळी, मग रिक्षा, मग चार तास मशीन हा क्रम पाठ असेल. मी डॉक्टर नाही, शिक्षक आहे. पण मामूंच्या वहीतले आकडे मांडून पाहिले आणि एक चक्र माझ्या लक्षात आलं.

मामूंचं ‘ड्राय वेट’, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, ५८ किलो लिहिलेलं होतं. ते यायचे साडेसाठ किलोवर. म्हणजे अडीच लिटर पाणी काढायचं. तिसऱ्या तासाला बीपी ९० वर यायचं, पायात गोळे यायचे, घाम फुटायचा. मग पाणी काढणं थांबवून सलाईन द्यावं लागे. मामू ५९ वर घरी येत आणि संध्याकाळी बीपी १८०! उपाय म्हणून आणखी एक गोळी. पुढच्या वेळी बीपी आणखी लवकर पडायचं.

खरी मेख वेगळीच होती. ५८ चा आकडा सहा महिने जुना होता. मधल्या आजारपणात मामूंचं मांस झडलं आणि त्या जागी पाणी भरलं. काट्याला मांस आणि पाणी यातला फरक कळत नाही. पायांची सूज आणि आडवं झाल्यावर लागणारा दम पाहून डॉक्टरांनी ड्राय वेट हळूहळू साडेछप्पनवर आणलं.

हळूहळूच, कारण घाई चालत नाही. तासाला किलोमागे १३ मिलीलिटरपेक्षा जास्त वेगाने पाणी काढणं हृदयाला जड जातं. मामूंच्या वजनाला चार तासांत तीन लिटरच्या आत. त्याहून जास्त असेल तर मशीनची वेळ वाढवायची किंवा घरचं मीठ तोडायचं. सुका बांगडा, लोणचं, पापड खाल्ले की तहान लागणारच. नुसतं ‘पाणी कमी प्या’ सांगून भागत नाही.

मामूंची सकाळची गोळी डॉक्टरांनी रात्रीवर नेली. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉलसारख्या काही गोळ्या डायलिसिसमध्ये धुऊन जातात, त्या बहुधा नंतर घ्यायच्या असतात. अम्लोडिपिन जात नाही. काहींचं बीपी मशीनवर उलट वाढतं, त्यांचा हिशेब निराळा. म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. वेळ मात्र विचारा.

बीपी उतरायला काही आठवडे लागले. आज मामूंची एक गोळी कमी झाली आहे.

माझं म्हणणं एवढंच: फाईलवर ड्राय वेटसोबत तारीखही लिहिलेली असावी. बीपी वाढलं की पहिला प्रश्न ‘कोणती गोळी?’ हा नसावा. ‘हे वजन शेवटचं कधी तपासलं?’ हा असावा.