चिकटतात, खुपतात की खाजतात?

सकाळी उठल्यावर आरशात पाहावं तर डोळे लालभडक. पापण्या जड, आत वाळू टाकल्यासारखं टोचतंय आणि हात सारखा डोळ्यांकडे जातोय. घरातलं निदान मात्र तोंड धुण्याआधीच तयार असतं. सासूबाई म्हणतात ‘उष्णता झाली’, शेजारीण म्हणते ‘डोळे आलेत, लांब राहा’ आणि कोपऱ्यावरचा केमिस्ट काहीच न विचारता ड्रॉप्सची बाटली पुढे सरकवतो.

हे तिघंही चुकू शकतात. लाल डोळ्यांमागे बहुतेक वेळा तिघांपैकी एक कारण असतं : जंतुसंसर्ग, डोळ्यांचा कोरडेपणा किंवा अॅलर्जी. आरशात तिन्ही सारखेच लाल दिसतात. पण मराठीत या तिन्हींसाठी तीन वेगळी क्रियापदं आहेत. डोळे चिकटतात, डोळे खुपतात आणि डोळे खाजतात. डॉक्टरांची अर्धी तपासणी या तीन शब्दांभोवतीच फिरते.

उदाहरण म्हणून बेंगळुरूच्या दक्षिण टोकाला, होसूर रस्त्यावरच्या बोम्मसंद्र्यातलं एक घर घेऊ. इथल्या औद्योगिक वसाहतीत नोकरीसाठी आलेल्यांत बेळगाव-निपाणीकडची मराठी माणसंही भेटतात. असंच एक कुटुंब समजा. बाईंचं वय त्रेचाळीस, कारखान्यात हिशेबाचं काम, म्हणजे दिवसभर कॉम्प्युटर. जुलैत दहा वर्षांच्या मुलाचे डोळे आले. शाळेतून साथ घरी आली आणि आठवडाभरात गेलीही. पुढच्याच आठवड्यात बाई उठल्या, तर त्यांचे दोन्ही डोळे लाल, खुपणारे, खाजणारे. मुलाकडूनच आलं, असं धरून त्यांनी मुलाची उरलेली बाटली पाच दिवस वापरली. फरक शून्य. मग दुकानातून दुसरे ड्रॉप्स आणले. दोन दिवसांत डोळे पांढरेशुभ्र! बाटली संपली आणि चौथ्या दिवशी लाली पुन्हा हजर. असे तीन आठवडे गेले.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बॅटरी हातात घेण्याआधी प्रश्न विचारले. आधी कोणता डोळा? ‘दोन्ही एकदम.’ इथेच पहिला धागा मिळतो. संसर्ग बहुधा एका डोळ्यात सुरू होतो आणि दोन-तीन दिवसांनी दुसऱ्यात जातो, कारण रुमाल आणि बोटं त्याला पलीकडे नेतात. अॅलर्जी आणि कोरडेपणा दोन्ही डोळ्यांना साधारण एकाच वेळी गाठतात. दुसरा प्रश्न, पापण्या चिकटलेल्या असतात का? बाई म्हणाल्या, ‘नाही, कोपऱ्यात फक्त पांढरा दोऱ्यासारखा चिकट पदार्थ येतो. ओढला की लांब निघतो.’ हा दोरा अॅलर्जीत नेहमी दिसतो. जिवाणूंचा संसर्ग असता तर पिवळट-हिरवट पू आला असता, पापण्या गोंदाने चिकटवल्यासारख्या झाल्या असत्या आणि पुसल्यावर तासाभरात पुन्हा घाण जमली असती. विषाणूंचा संसर्ग असता तर डोळ्यांतून पाण्याची धार लागली असती, सोबत अनेकदा घसादुखी किंवा ताप असता आणि कानाच्या अगदी पुढे, गालाच्या वरच्या टोकाला, दाबल्यावर दुखणारी बारीक गाठ लागली असती. डॉक्टरांनी तिथे बोट ठेवून पाहिलं. गाठ नव्हती.

आता हा मुलाचा आजार कोणता होता, तेही पाहू. 2023च्या जुलैत पुण्याजवळच्या आळंदीत शाळकरी मुलांचे डोळे भराभर येऊ लागले आणि बघता बघता साथ महाराष्ट्रभर, कर्नाटकात, दिल्लीपर्यंत पसरली. नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे गेले, तेव्हा एन्टेरोव्हायरस हा विषाणू सापडला. या घराण्याचे विषाणू जुने ओळखीचे. 1969मध्ये घानात अशीच साथ आली तेव्हा लोकांनी तिला ‘अपोलो’चं नाव दिलं, कारण माणूस चंद्रावर उतरला तो हाच काळ. 1971मध्ये बांगलादेशचं युद्ध पेटलं असताना बंगालात हीच साथ आली आणि तिचं नाव पडलं ‘जय बांगला’. डोळ्यांच्या साथीला लोक नावं फार झकास देतात. अशा विषाणूंवर अँटिबायोटिक ड्रॉप्स चालत नाहीत. आजार साधारण एक-दोन आठवड्यांत आपला आपण जातो. तोवर थंड पाण्याची पट्टी, वेगळा टॉवेल, वेगळी उशी आणि साबणाने हात धुणं, एवढंच खरं काम. डोळ्यांत पाहिल्याने साथ लागते हा समज मात्र चुकीचा. ती लागते हातांनी, रुमालांनी, दाराच्या कडीने.

पुन्हा आपल्या बाईंकडे वळू. डॉक्टरांचा तिसरा प्रश्न खाजेचा. खाज कुठे? ‘नाकाकडच्या कोपऱ्यात. अंथरूण झटकताना जास्त, आणि शिंकाही येतात.’ खाज नाही तर अॅलर्जीची शक्यता फार कमी, हा ढोबळ पण उपयोगी नियम आहे. आणि खाज अंथरुणाशी वाढत असेल, तर गादी-उशीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जिवांवर, म्हणजे डस्ट माइट्सवर, संशय जातो. रात्रभर नाक उशीत खुपसलेलं असतं, म्हणून त्रास सकाळी जास्त. बेंगळुरूत आणखी एक उमेदवार आहे, काँग्रेस गवत. 1950च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदलं गेलेलं हे गवत देशभर पसरलं आणि बेंगळुरूच्या मोकळ्या प्लॉटवर तर त्याने ठाणंच मांडलं. पण त्याचे परागकण बाहेर फिरल्यावर जास्त छळतात. या बाईंचा त्रास पलंगाशी जोडलेला होता.

डॉक्टरांनी वरची पापणी उलटवली. आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक लाल उंचवटे होते. अॅलर्जी नक्की झाली. इथे घाईतला माणूस थांबला असता. पण बाई ‘खाजतं’सोबत ‘खुपतं’ही म्हणत होत्या आणि खुपणं हा कोरडेपणाचा शब्द.

कोरडेपणा म्हटलं की लोकांना वाटतं, डोळ्यांत पाणीच नाही. तसं दर वेळी नसतं. अश्रूंचा थर म्हणजे खाली चिकट द्रव, त्यावर पाणी आणि सगळ्यांत वर तेलाचा पातळ पापुद्रा. हे तेल पापण्यांच्या कडेवरच्या बारीक ग्रंथींतून येतं. त्या तुंबल्या की पाणी भराभर उडून जातं. डोळा कोरडा पडला की तो जास्त पाणी काढतो, म्हणून कोरड्या डोळ्याच्या माणसाचे डोळे उलट वाहतात! रोग्याला हे पटवणं डॉक्टरांना सर्वांत कठीण जातं.

तपासणी सोपी आहे. पापणीत पिवळ्या रंगाची पट्टी टेकवतात, निळा उजेड टाकतात आणि पापणी न लवता किती सेकंद रंगाचा थर सलग राहतो ते मोजतात. दहा सेकंदांपेक्षा जास्त टिकला तर बरं. बाईंचा थर पाच सेकंदांतच फाटला. नंतर शिर्मर चाचणी. पाच मिलिमीटर रुंदीच्या टिपकागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवून पाच मिनिटं डोळे मिटायचे आणि ओल किती मिलिमीटर चढली ते पाहायचं. दहाच्या खाली असेल तर पाणी कमी असा संशय घेतात. बाईंची आली चौदा. म्हणजे पाणी पुरेसं, तेल अपुरं. पापणीची कड दाबली तेव्हा पातळ तेलाऐवजी टूथपेस्टसारखा घट्ट पदार्थ बाहेर आला.

आणखी एक खूण दिसली. रंग बुबुळाच्या खालच्या भागावर आडव्या पट्ट्यासारखा बसला होता. डॉक्टरांनी नवऱ्याला विचारलं, ‘झोपेत यांचे डोळे पूर्ण मिटतात?’ तो हसून म्हणाला, ‘नाही हो, थोडे उघडेच असतात. लग्नानंतर मी घाबरलोच होतो.’ वर पंखा, खाली अर्धवट उघडे डोळे आणि झोपेत अश्रूही कमी तयार होतात. सकाळच्या वाळूचं कोडं इथे सुटलं.

बोम्मसंद्रा देशाला माहीत आहे ते हृदयाच्या शस्त्रक्रियांसाठी. पण त्याच परिसरात नारायण नेत्रालयाची ‘ग्रो’ नावाची संशोधन प्रयोगशाळा आहे आणि तिथे अश्रूंचा अभ्यास चालतो. त्यासाठी अश्रू गोळा करायलाही शिर्मरच्याच कागदाच्या पट्ट्या वापरतात. अशा अभ्यासांमुळे कोरडेपणाकडे पाहण्याची दृष्टी बदलली आहे. हा फक्त पाण्याचा तुटवडा नसून डोळ्याच्या पृष्ठभागावरचा दाहही आहे.

आता दुकानातल्या त्या ड्रॉप्सची गोष्ट. दोन दिवसांत लाली घालवणारं ते औषध स्टेरॉइड होतं. बाटलीवर बारीक अक्षरांत डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असं लिहिलेलं असतं आणि अनेकदा सोबत अँटिबायोटिकही असतं, त्यामुळे ते साधं औषध वाटतं. स्टेरॉइड दाह दाबतं, म्हणून कोणताही लाल डोळा थोडा वेळ पांढरा होतो. पण काही जणांच्या डोळ्यांतला दाब यामुळे न दुखता वाढतो, दीर्घ वापराने मोतीबिंदू होऊ शकतो आणि नागिणीच्या घराण्यातला हर्पीस विषाणू डोळ्यात असेल तर त्याला मोकळं रान मिळतं. डॉक्टरांनी दाब मोजला. सोळा, म्हणजे ठीक. ड्रॉप्स बंद केले.

उपचार दोन आघाड्यांवर सुरू झाले. खाजेसाठी दिवसातून दोनदा अॅलर्जीचे ड्रॉप्स. शिंकांसाठी बाई रोज सेटिरिझिनची गोळी घेत होत्या. तिने डोळे आणखी सुकू शकतात, म्हणून ती गरजेपुरतीच ठेवली. कोरडेपणासाठी कृत्रिम अश्रू, तेही प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, कारण दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालायचे असतील तर प्रिझर्व्हेटिव्हच डोळ्याला झोंबू लागतं. रात्री झोपताना जेल. रोज दहा मिनिटं कोमट पाण्याच्या पट्टीचा शेक, हाताला सोसेल तेवढाच, आणि मग वरची पापणी खाली व खालची वर अशी हलकी मालिश, म्हणजे तुंबलेलं तेल सुटतं. उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा कडक गरम पाण्यात. पंख्याखालचा पलंग बाजूला सरकवला. हे शेवटचं काम सर्वांत स्वस्त.

चार आठवड्यांनी सकाळची वाळू बरीच कमी झाली होती आणि थर आठ सेकंद टिकत होता. खाज मात्र अंथरूण बदलण्याच्या दिवशी अजून येतेच. अशा कोरडेपणाचा शेक एकदा करून सोडून दिला की ग्रंथी पुन्हा तुंबतात, म्हणून तो चालूच राहणार.

काही लाल डोळ्यांसाठी मात्र हे सगळे हिशेब बाजूला ठेवायचे. नुसतं खुपत नाही तर खोलवर दुखतंय, उजेड सहन होत नाही, दिसणं अंधूक झालंय, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतात किंवा बुबुळावर पांढरा ठिपका आहे, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी लेन्स लगेच काढावी आणि जपून ठेवून तपासायला सोबत न्यावी. तान्ह्या बाळाचे पहिल्या महिन्यात डोळे चिकटले, पू आला तर घरी एक दिवसही थांबू नये. गुलाबपाणी, मध, आईचं दूध यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. त्यांत जंतू असू शकतात.

आणि कपाटातली ती उघडलेली ड्रॉप्सची बाटली? बहुतेक बाटल्या उघडल्यापासून एका महिन्यात टाकायच्या असतात, एक्स्पायरीची तारीख पुढची असली तरी. उघडल्याचा दिवस लेबलवर पेनाने लिहून ठेवावा. एकाची बाटली दुसऱ्याने वापरायची नाही, मुलाची आईने तर नाहीच.