पुराव्याविना ईश्वरश्रद्धा : प्लँटिंगांना उत्तर

‘श्रद्धेला पुरावा लागत नाही’ हे वाक्य आपल्याकडे बहुतेक वेळा वाद संपवण्यासाठी उच्चारले जाते. आल्विन प्लँटिंगा या अमेरिकी तत्त्वज्ञाने मात्र तिथूनच वादाला सुरुवात केली आणि त्यासाठी कित्येक वर्षे काटेकोर युक्तिवाद रचला. १९८३ साली त्यांनी निकोलस वोल्टरस्टॉर्फ यांच्यासह ‘फेथ अँड रॅशनॅलिटी’ हा ग्रंथ संपादित केला आणि ‘रिफॉर्म्ड एपिस्टेमॉलॉजी’ नावाचा विचारप्रवाह ठसठशीतपणे पुढे आला. दोघेही जॉन कॅल्विनच्या धर्मसुधारणा परंपरेतले, म्हणून हे नाव. या मताचे खंडन करायचे तर त्याचे सर्वांत बळकट रूपच समोर घेतले पाहिजे.

आधी पूर्वपक्ष. इंग्रज गणिती विल्यम क्लिफर्डने १८७७ मध्ये असे प्रतिपादन केले होते की, पुरेशा पुराव्याशिवाय काहीही खरे मानणे हा नैतिक दोष आहे. प्लँटिंगा विचारतात, पुराव्याला पुरावा, त्याला आणखी पुरावा, ही साखळी कुठे थांबायची? कुठेतरी काही विश्वास पायाभूत मानावेच लागतात. जुन्या तत्त्वज्ञांनी अशा विश्वासांची यादी आखून दिली होती : जे स्वयंसिद्ध आहे, जे इंद्रियांना थेट दिसते, किंवा ज्याबद्दल माझी चूक होऊच शकत नाही, तेवढेच पायाभूत. प्लँटिंगांचा पहिला घाव इथे बसतो. ही कसोटी स्वतः स्वयंसिद्ध नाही, इंद्रियगोचर नाही, अचूकही नाही, आणि अशा विश्वासांमधून ती कुणी सिद्धही करून दाखवलेली नाही. म्हणजे स्वतःच्याच नियमाने ती बाद होते.

दुसरा घाव आणखी खोल आहे. आज सकाळी मी काय खाल्ले हे मला आठवते. समोरच्या माणसाला मन आहे हे मी जाणतो. यांपैकी एकही गोष्ट मी अनुमानाने मिळवलेली नाही, तरी मला कुणी अविवेकी म्हणत नाही. मग तारांकित आकाशाखाली उभ्या असलेल्या, किंवा स्वतःच्या अपराधाची टोचणी लागलेल्या माणसाच्या मनात ‘ईश्वर आहे’ हा विश्वास आपोआप उमटला, तर त्याच्याकडेच पुराव्याची मागणी का? कॅल्विनच्या मते माणसात ईश्वराची एक उपजत जाणीव असते. प्लँटिंगांच्या मते तिच्यातून आलेला विश्वास निराधार नसतो. तो प्रसंग हाच त्याचा आधार असतो. फक्त तो अनुमानाचा हेतू नसतो.

यातला बराचसा भाग मला मान्य आहे. प्रत्येक विश्वासाला पुरावा मागणारा आग्रह टिकत नाही, आणि ‘सिद्ध करा, नाहीतर तुम्ही अविवेकी’ असे आस्तिकाला बजावणाऱ्यांनी आपले हत्यार तपासून पाहावे.

पण त्यापुढे अडचण सुरू होते. टीकाकारांनी विचारले की, मग ‘पीनट्स’ या व्यंगचित्रमालिकेतला लायनस ज्या महाभोपळ्याची दर हॅलोविनला वाट पाहतो, त्याच्यावरचा विश्वासही पायाभूत का नाही? प्लँटिंगांचे उत्तर असे : एक चुकीची कसोटी नाकारली म्हणून काहीही स्वीकारावे लागत नाही. योग्य कसोटी उदाहरणांवरून घडवायची असते, आणि ख्रिस्ती समाज आपली उदाहरणे घेऊन सुरुवात करील. भोपळ्यापुरते हे उत्तर चालते, कारण भोपळ्याचा कुणी गंभीर उपासक नाही.

कुमारिल भट्टांपुढे ते चालत नाही. सातव्या शतकातल्या या मीमांसकाने ‘श्लोकवार्तिका’त स्वतःप्रामाण्याचा सिद्धान्त मांडला : ज्ञान मुळातच प्रमाण असते, नंतर त्याला बाधक ज्ञान मिळाले किंवा त्याच्या कारणात दोष सापडला तरच ते अप्रमाण ठरते. या पायावर त्यांनी वेदांचे प्रामाण्य उभे केले. वेद अपौरुषेय आहेत, कर्ताच नाही, म्हणून कर्त्याचा दोष दाखवायला जागाच नाही. रचना जवळपास प्लँटिंगांचीच : आधी विश्वास, पुराव्याची मागणी नाही, बाधक निघाला तरच माघार. आणि या रचनेतून निष्पन्न काय होते? कुमारिलांनी सृष्टिकर्त्या ईश्वराला साफ नाकारले. शरीर नसताना त्याने इच्छा कशी केली, दुःखाने भरलेले जग कशासाठी निर्मिले, असे त्यांचे प्रश्न होते. म्हणजे एकाच पद्धतीने प्लँटिंगांच्या कॅल्विनवादी परंपरेत ईश्वर पायाभूत ठरतो आणि कुमारिलांच्या मीमांसेत निरीश्वर वेद. दोन्ही खरे असू शकत नाहीत, आणि कोणते खोटे हे ती पद्धत सांगूच शकत नाही.

बाधकाचा हा मुद्दा वेगळ्या अंगाने तत्त्वज्ञ फिलिप क्विन यांनी १९८५ मध्ये मांडला. जगातले दुःख, धर्मश्रद्धा ही मनाची इच्छापूर्ती आहे असे सांगणारा फ्रॉइड, असे बाधक विचार आजच्या सुशिक्षित प्रौढाला माहीत असतात. ते माहीत झाल्यावर श्रद्धा पूर्वीसारखी पायाभूत कशी राहील? उत्तरादाखल प्लँटिंगांनी एक प्रसंग रचला. एका प्राध्यापकाने पाठ्यवृत्तीसाठी सहकाऱ्याला लाच देऊ करणारे पत्र लिहिले. ते विभागप्रमुखांच्या हाती पडले आणि त्यांच्या खोलीतून नाहीसे झाले. प्राध्यापकाकडे हेतू होता, संधी होती, पूर्वीचा लौकिकही तसाच. एका विश्वासू माणसाने त्याला चोरपावलांनी त्या खोलीत शिरताना पाहिल्याचे सांगितले. पण त्याला स्पष्ट आठवते की ती दुपार त्याने रानात एकट्याने फिरण्यात घालवली. सगळा पुरावा विरोधात असूनही त्याने आपल्या आठवणीवर विसंबणे योग्यच आहे. तसेच ईश्वरश्रद्धेचे, असे प्लँटिंगा म्हणतात.

उदाहरण चांगले आहे, पण ते नेमके उलट बोलते. स्मरणशक्तीवर आपण विसंबतो, कारण ती रोज तपासली जाते. चार जणांच्या आठवणी जुळतात, जुन्या पावत्या जुळतात, चूक झाली तर उघडकीस येते. आता कल्पना करा की विभागातल्या प्रत्येकाला त्याच दुपारविषयी तितकीच स्पष्ट, पण वेगवेगळी आणि परस्परविरोधी आठवण आहे, आणि खरे काय ते ताडून पाहण्याचा मार्ग नाही. मग त्या प्राध्यापकाने केवळ आपली आठवण आपली आहे म्हणून खरी धरावी का? ईश्वराच्या जाणिवेची स्थिती अशी आहे. यावर प्लँटिंगा म्हणतात की, पापामुळे माणसाची ती जाणीव बिघडली आहे आणि पवित्र आत्मा ती दुरुस्त करतो. पण इतरांची जाणीव बिघडलेली आणि माझी दुरुस्त, हे मला कळते कशावरून? त्याच श्रद्धेवरून. वादग्रस्त साक्षीदारानेच आपल्या चारित्र्याचा दाखला द्यावा, तसे हे झाले.

प्लँटिंगांची मोठी इमारत उभी आहे ती ‘वॉरंटेड ख्रिश्चन बिलीफ’ या २००० सालच्या ग्रंथात. विश्वास ज्ञानपदाला कधी पोचतो? मनाची शक्ती नीट काम करत असेल, परिसर तिला अनुकूल असेल आणि तिची घडण सत्य गवसावे म्हणून यशस्वीपणे झालेली असेल, तेव्हा. ईश्वर असेल तर त्याने आपल्याला तशी जाणीव दिली असणार, म्हणून श्रद्धा बहुधा ज्ञानच ठरेल. ईश्वर नसेल तर नाही. ग्रंथाच्या शेवटी ते प्रांजळपणे मान्य करतात की, मुळात हे सत्य आहे का, ते त्यांनी दाखवलेले नाही आणि ते दाखवणे तत्त्वज्ञानाच्या आवाक्यापलीकडचे आहे. या प्रांजळपणाबद्दल मला आदर आहे. पण त्यामुळे हाती उरते ते एवढेच : ‘जर असेल तर’. कुमारिलांनाही हे ‘जर’ मोकळे आहे.

म्हणून माझे मंडन असे. विश्वासाला सुरुवातीला पुरावा लागत नाही, ही सूट सर्वांनाच आहे आणि ती राहू द्यावी. पण तितक्याच प्रामाणिक, तितक्याच शहाण्या माणसाला त्याच मार्गाने उलट गोष्ट दिसते हे एकदा कळले, की ती सूट संपते आणि कारणे द्यावी लागतात. नैयायिकांनी हे ओळखले होते. प्रामाण्य स्वतःसिद्ध नाही, त्याची परीक्षा करावी लागते, अशी त्यांची भूमिका. म्हणूनच उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वर अनुमानाने सिद्ध करण्याचा घाट घातला. त्यांची अनुमाने टिकतात असे मला वाटत नाही. पण ती तपासता येतात, खोडता येतात, सुधारता येतात. ज्या आस्तिकाला आपली श्रद्धा घरापुरती ठेवायची आहे त्याला प्लँटिंगा पुरेसे आहेत. ज्याला ती दुसऱ्याला पटवायची आहे, तिच्यावर कायदा किंवा शाळेचा पाठ उभा करायचा आहे, त्याने उदयनांच्या वाटेने यावे.