इमारतीचं लेखापरीक्षण आणि सेक्रेटरीचाचांची हिशेबाची फाईल

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ठाणे ते कल्याण-डोंबिवली पट्ट्यात जुन्या इमारतींना नोटिसा येतात. त्या वाचून समजावण्याचं काम आमच्या ओळखीच्या मोहल्ल्यांत बऱ्याचदा माझ्याकडे येतं. एका इमारतीच्या नोटिशीत ‘संरचनात्मक लेखापरीक्षण’ तातडीने करून अहवाल द्यावा, असं होतं. सेक्रेटरीचाचा निवांत होते. कपाटातून फाईल काढून माझ्यापुढे ठेवत म्हणाले, “लेखापरीक्षण दरवर्षी होतं. हे बघ, सीएची सही.” त्यांचं चुकलं कुठे? लेखा म्हणजे हिशेब, लेखापरीक्षण म्हणजे हिशेबतपासणी. चुकला तो भाषांतर करणारा. इंग्रजीतल्या ‘ऑडिट’ला कोशात जो शब्द सापडला, तो त्याने उचलून खांब-तुळयांना लावला. दरम्यान तीन आठवडे गेले होते.

शब्द शुद्ध होता आणि अर्थ चुकीचा. ४ ऑगस्ट २०१५ रोजी नौपाड्यातली कृष्णा निवास ही जुनी इमारत रात्री कोसळून बारा जण गेले. त्याच्या आठवडाभर आधी ठाकुर्लीत मातृकृपा इमारत पडली होती. या पट्ट्यात नोटिशीचा अर्थ लागायला उशीर होणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६५अ सांगतं की तीस वर्षांवरच्या इमारतीची तपासणी पालिकेकडे नोंदवलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्यायची. ही जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. हा ‘भोगवटादार’ अस्सल मराठी, पण भाडेकरू तो वाचून पुढे जातो. तो स्वतःला भाडेकरू म्हणतो. कागद मालकाचा, असं समजतो. तिथे ‘इमारतीत राहणारे सगळे’ लिहिलं असतं तर कायद्याचं काय बिघडलं असतं?

त्याहून वाईट शब्द ‘निष्कासन’. इथल्या सरकारी मराठीत तो बांधकाम पाडण्यासाठी वापरतात. हिंदीत त्याचा अर्थ बाहेर काढणं, हकालपट्टी. हिंदी-उर्दू बोलणाऱ्या घरांत ‘निष्कासनाची कार्यवाही’ म्हणजे आपल्याला हाकलणार, असंच वाचलं जातं. इमारत रिकामी करणं आणि इमारत पाडणं ही दोन वेगळी पावलं आहेत. एका शब्दात दोन्ही मिसळली की घाबरलेला माणूस दार लावून बसतो.

यावर आमचे इंग्रजीवाले मित्र म्हणतात, मग सरळ इंग्रजीच लिहा ना! पण ‘प्रॉपिंग’ लिहिलेलं वाचून आमच्या खालांना काय कळणार? गवंड्याकडे त्याला ‘टेकू’ हा शब्द आहे. ‘इव्हॅक्युएशन’पेक्षा ‘घर रिकामं करणं’ कोणालाही कळतं. याचा पुरावा पालिकेच्याच वर्गवारीत आहे: सी-२ए म्हणजे इमारत रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. या दोन ओळींचा अर्थ विचारायला माझ्याकडे कोणी येत नाही.

‘सी-१’ आणि ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ मात्र इंग्रजीच राहू द्यावेत. यादीत ‘सी-१’च छापलेलं असतं, आणि इंजिनिअरला फोन लावल्यावर ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ म्हटलं तरच काम पुढे सरकतं. माझी कसोटी एवढीच: शब्द घेऊन माणूस खिडकीपाशी गेला, तर पलीकडच्याला तो कळतो का?

वाद इंग्रजी की संस्कृत असा घातला जातो, तेव्हा तिसरं कपाट कोणी उघडत नाही. इमारत, मालक, मुदत, हरकत, अर्ज, दुरुस्ती हे अरबी-फारसीतून आलेले आणि शतकानुशतकं मराठी असलेले शब्द आहेत. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी यातले बरेच लोकांच्या तोंडी टिकले. ‘मुदत’ काढून ‘कालमर्यादा’, ‘अर्ज’ काढून ‘आवेदन’ करण्यात कोणाची सोय झाली? आणि आपल्यातल्या काहींना नोटीस फक्त उर्दूत हवी असते, त्यांनाही माझं सांगणं आहे: उर्दू प्रत जरूर मागा, पण सुनावणी मराठीत होते, हरकत मराठीत नोंदवली जाते. मूळ मराठी कागदच कळला नाही, तर उर्दू प्रत घेऊन सुनावणीत बसून काय करणार?

चाचांच्या नोटिशीतलं ते वाक्य मी असं लिहिलं आणि जिन्यात चिकटवलं: “आपली इमारत तीस वर्षांपेक्षा जुनी आहे. तिच्या मजबुतीची तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, पालिकेकडे नोंद असलेल्या इंजिनिअरकडून करून घ्या. ही जबाबदारी मालकाची आणि इथे राहणाऱ्यांचीही आहे. मुदतीत अहवाल दिला नाही, तर पालिका इमारत रिकामी करायला सांगू शकते, आणि नंतर पाडूही शकते.”

संध्याकाळी पहिल्या मजल्यावरचे भाडेकरू चाचांकडे विचारायला आले, इंजिनिअर कधी येणार?