फळ्यावरचा भाव आणि घरचे स्टेटस

'नोकरदारांनी फेसबुकच बंद करावे' हे नांदेडच्या वाचकाचे मत पटले नाही. मी लातूरच्या एका डाळमिलमध्ये हिशेब पाहतो. आमच्याकडे कामाला असलेल्या एका मुलाने गोदामातला सेल्फी स्टेटसला ठेवला. मागच्या फळ्यावर तुरीचा खरेदीभाव आणि अडत्याचे नाव स्वच्छ वाचता येत होते. नियम हवा तो यासाठी. त्याचे वरातीतले नाचणे किंवा राजकीय मत हा मालकाचा विषय नाही. समाजमाध्यमांच्या वापराबाबत राज्य शासनाच्या 28 जुलै 2025 च्या निर्णयातली धोरणावर टीका न करण्याची अट शासकीय कर्मचाऱ्यांसाठी आहे. खासगी मालकांनी ती उचलू नये. त्यातली वैयक्तिक आणि कार्यालयीन खाते वेगळे ठेवण्याची सूचना मात्र जरूर घ्यावी. 'अशोभनीय वर्तन' असे मोघम शब्द टाळून भाव, ग्राहक आणि कंपनीचे नाव एवढ्यापुरताच नियम लिहावा, ही विनंती.
– एक वाचक, लातूर