‘साप कोणता होता?’ हे विचारणं आता पुरे

पावसाळा लागला की अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. निंदणाला गेलेली बाई, रात्री पाणी द्यायला गेलेला माणूस, जमिनीवर झोपलेलं लेकरू. प्रत्येकाच्या वाट्याला पहिला प्रश्न तोच येतो: साप कोणता होता? घरचे विचारतात, शेजारी विचारतात, ऑटोवाला विचारतो आणि दवाखान्याच्या दारातही कोणीतरी विचारतंच. मग दुसरा प्रश्न, तिसरा प्रश्न. काळा होता का? फणा होता का? किती लांब होता? नेमका किती वाजता चावला? कोणी पाहिला? शेवटी नातेवाईक चिडतात. ‘आमाले का मालूम? अंधारात साप पाहाले थांबलो नाई आमी.’

ही चीड आपण समजून घेतली पाहिजे. माणसाचा जीव जातोय असं डोळ्यांपुढे दिसत असताना ज्याचं उत्तर आपल्याकडे नाही ते कोणी पुन्हा पुन्हा विचारलं की दोनच गोष्टी होतात. घरातली तरुण पोरं उत्तर आणायला परत शेतात जातात, काठीनं साप शोधतात आणि कधी कधी दुसरा माणूसही चावून घेतात. नाहीतर घरच्यांना वाटतं की इथं नुसती चौकशीच चालली आहे, त्यापेक्षा मांत्रिक बरा, तो काही विचारत नाही, लगेच कामाला लागतो. या दुसऱ्या वाटेनं गेलेले बरेच तास परत मिळत नाहीत.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सर्पदंशात सापाचं नाव विचारण्यात वेळ घालवू नये, कारण त्या उत्तरानं उपचार बदलत नाही. आपल्याकडे माणसं दगावतात ती मुख्यतः चार सापांमुळे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. सरकारी दवाखान्यात मिळणारी सर्पविषावरची लस या चारही विषांवर एकत्र चालते. घोड्याला या चार सापांचं विष अगदी थोडं थोडं टोचून, त्याच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिकारक घटकांपासून ती बनवतात. नाव कळलं तरी तीच कुपी फोडायची आणि नाही कळलं तरी तीच. मग नावासाठी थांबायचं कशाला?

प्रश्न विचारायचा की अंदाज बांधून पुढं जायचं, हे ठरवायला मी एक साधी कसोटी लावतो. उत्तर ‘हो’ आलं किंवा ‘नाही’ आलं, तर आपलं पुढचं पाऊल वेगळं पडणार आहे का? पडणार नसेल तर प्रश्न सोडून द्यावा. पडणार असेल, तर थांबण्यानं जास्त नुकसान आहे की अंदाज चुकण्यानं, हे पाहावं. थांबणं महाग आणि चूक स्वस्त असेल तिथं अंदाजच शहाणपणाचा.

ही कसोटी मण्यारीच्या बाबतीत लावून पाहू, कारण तिथं प्रश्न सर्वांत जास्त दिशाभूल करतात. समजा, बार्शीटाकळीकडच्या एखाद्या गावात श्रावणातल्या रात्री दहा वर्षांचा मुलगा जमिनीवर सतरंजी टाकून झोपला आहे. पहाटे चारला तो पोट दुखतंय म्हणून उठतो. एकदा ओकारी होते. घरचे विचारतात, रात्री काय खाल्लंस? बाहेरचं खाल्लंस का? भजी कोणाकडची होती? पोराच्या उत्तरांवरून ओवा दिला जातो, पोटाला तेल लावलं जातं. पाचच्या सुमारास तो म्हणतो, मला दोन दोन दिसतंय. सहाला त्याच्या पापण्या खाली येतात. घरच्यांना वाटतं झोप आली आहे.

या घरात सगळे प्रश्न खाण्याबद्दल विचारले गेले. साप कोणी पाहिला नाही, म्हणून सापाचा विषयच निघाला नाही. मण्यार रात्री हिंडते, झोपलेल्या माणसाला चावते, दात बारीक असल्यानं खूण दिसतेच असं नाही. सूज येत नाही, दुखतही फारसं नाही. पोटदुखी मात्र पुष्कळदा होते. विष नसांवर काम करतं. पापण्या पडतात, मग गिळता येत नाही, मग श्वासाचे स्नायू थकतात. अशा वेळी अंदाज असा बांधायचा: पावसाळा, जमिनीवरची झोप, पहाटेची पोटदुखी आणि जड पापण्या एकत्र दिसल्या, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ती मण्यार समजायची.

हा अंदाज चुकला तर काय बिघडेल? पोरगं दवाखान्यात जाईल, दिवसभर देखरेखीखाली राहील आणि अपचन निघालं तर घरी येईल. एक दिवसाची मजुरी बुडेल. अंदाज बांधलाच नाही आणि ती मण्यार निघाली, तर मूल हातचं जाईल. या दोन चुकांची बरोबरी होऊ शकत नाही.

निघण्याआधी घरीच एक तपासणी करता येते. मुलाला एका श्वासात एक, दोन, तीन असे आकडे मोजायला सांगा. थोड्या वेळानं पुन्हा मोजायला सांगा. आधी वीसपर्यंत जाणारं पोर दहावरच थांबू लागलं, तर श्वासाचे स्नायू दमताहेत. अशा वेळी तोंडानं काही देऊ नका, गुंगी असेल तर कुशीवर झोपवा. १०८ ला फोन करताना किंवा दवाखान्यात पोचताना नातेवाइकानं विचारावा असा एकच प्रश्न आहे: श्वास देण्याची सोय आहे का? नसेल तर पहिला उपचार सुरू करून, वाटेत श्वास सांभाळत, रुग्णाला अकोल्याच्या सर्वोपचार किंवा अमरावतीच्या इर्विनसारख्या मोठ्या रुग्णालयात हलवायचं. या उत्तरानं पाऊल बदलतं, म्हणून हा प्रश्न विचारायलाच हवा.

आता अंदाजाला मर्यादा कुठं आहे तेही सांगतो. ‘साप चावला’ म्हणताच लस टोचा, असं मी म्हणत नाही. पुष्कळ साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही कधी कधी नुसते दात मारतो, विष सोडत नाही. शिवाय लस घोड्याच्या रक्तापासून बनते. ती दिल्यावर काहींना अंगावर गांधी उठतात, थंडी वाजते, दम लागतो, रक्तदाब एकदम खाली जातो. म्हणून विषाची लक्षणं दिसल्यावरच डॉक्टर ती देतात आणि शेजारी ॲड्रिनॅलिन भरून ठेवतात. रुग्णाला हलू न देता दवाखान्यात नेणं हे स्वस्त पाऊल आहे, ते अंदाजावर लगेच टाकावं. लस देणं महाग पाऊल आहे, तिथं खूण तपासूनच पुढं जावं.

तीही खूण सापाच्या नावात नसते, रुग्णाच्या अंगात असते. घोणस आणि फुरसं यांचं विष रक्त गोठू देत नाही. ते पाहायला डॉक्टर शिरेतून २ मिलिलिटर रक्त घेऊन काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत ठेवतात आणि २० मिनिटं तिला हात लावत नाहीत. मग नळी आडवी करतात. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष चढलं आहे. प्लॅस्टिकची किंवा साबणानं धुतलेली नळी चालत नाही, निकाल चुकतो. पहिला निकाल चांगला आला तरी ही चाचणी काही काळ पुन्हा पुन्हा करतात आणि रुग्णाला २४ तास ठेवून घेतात. ‘काही झालं नाही तरी का ठेवता?’ म्हणून भांडू नका. आपण बांधलेला अंदाज खरा की खोटा हे तपासण्यासाठीच ते २४ तास असतात.

मांत्रिकात आणि डॉक्टरात फरक आहे तो इथं. अंदाज दोघंही बांधतात. डॉक्टर आपला अंदाज नळीत घालून तपासतो, चुकला तर बदलतो. मांत्रिकाचा अंदाज कधीच चुकत नाही. बिनविषारी सापाचा रुग्ण वाचला की मंत्र लागू पडला, विषारी सापाचा गेला की आणायला उशीर झाला. तपासता येत नाही तो अंदाज नव्हे, ती नुसती श्रद्धा.

काही ठिकाणी मात्र प्रश्न विचारलाच पाहिजे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ आणि आसपासच्या जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन किती शेतमजूर गेले, ते आपण विसरलो नाही. त्यात आपल्याही वस्त्यांतली माणसं पाठीवर पंप घेऊन राबतात. फवारणीच्या विषबाधेत ‘औषध कोणतं होतं?’ या प्रश्नाचं उत्तर उपचार बदलतं. मोनोक्रोटोफॉससारख्या औषधावर ॲट्रोपिन देतात. दुसऱ्या प्रकारच्या औषधावर ते उपयोगी पडेलच असं नाही. पण याही उत्तरासाठी रुग्णाला बांधावर थांबवून ठेवायचं नाही. एकानं रुग्णाला घेऊन निघायचं, दुसऱ्यानं डबा शोधून मागून आणायचा किंवा लेबलाचा फोटो पाठवायचा. कपडे काढून अंग साबण-पाण्यानं धुवायला तर कोणत्याच लेबलाची गरज नाही. डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली असेल, तोंडातून लाळ आणि छातीतून घरघर येत असेल, तर डॉक्टरही डब्याची वाट न पाहता लक्षणांवरून ॲट्रोपिन सुरू करतात.

मज्झिम निकायात मालुंक्यपुत्ताला तथागतांनी बाण लागलेल्या माणसाची गोष्ट सांगितली आहे. तो माणूस बाण काढू देत नाही. आधी सांगा, म्हणतो, बाण मारणारा क्षत्रिय की ब्राह्मण, वैश्य की शूद्र? त्याचं नाव-गोत्र काय, गाव कोणतं, धनुष्याची दोरी कशाची, बाणाचं पीस कोणत्या पक्ष्याचं? उत्तरं मिळण्याआधीच तो मरतो. त्या गोष्टीत जखमी माणूसच प्रश्न विचारतो. आपल्याकडे त्याच्याभोवती जमलेले विचारतात, एवढाच फरक.

तेव्हा वस्तीत कोणाला साप चावला, तर गर्दीतल्या प्रश्नांना बाजूला सारणारा एक माणूस हवा. त्यानं रुग्णाला आडवं करावं, हातातल्या बांगड्या, पायातली जोडवी-पैंजण काढावीत, चावलेला हात किंवा पाय फळी आणि ओढणीच्या आधारानं हलणार नाही असा ठेवावा. दोरीनं आवळू नये, ब्लेड लावू नये, रुग्णाला चालवू नये. गाडी यायला वेळ असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून निघावं. निघताना घड्याळ पाहून वेळ लक्षात ठेवावी, तेवढी दवाखान्यात उपयोगी पडते. साप शोधायला कोणी जाऊ नये.